लिव्ह अँड लायसन्सचा करार स्पॅनिशमध्ये नेताना

करार नवी मुंबईचा. कोपरखैरण्याच्या एका सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, मुदत चोवीस महिने, महिन्याला ₹४०,०००, डिपॉझिट ₹२,००,०००, लॉक-इन बारा महिने आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. राहणारा स्पेनमधल्या एका कंपनीचा इंजिनिअर, पैसे भरणार कंपनी, आणि कंपनीच्या तिथल्या एचआरला व अकाउंट्सला हा इंग्रजी कागद स्पॅनिशमध्ये हवा. ठाण्यात बसून आम्ही अशी कामं वरचेवर करतो. हा करार त्यातलाच एक, म्हणून त्याच्याच कलमांवरून पुढे जाऊ. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कामाला हात घालण्याआधी दोन प्रश्न विचारून घ्यावे लागतात. पहिला, वाचणारा कोणत्या देशातला? स्पॅनिश एक असली तरी भाड्याचा कायदा देशागणिक वेगळा आहे. अर्जेंटिनात भाडेकराराला लोकासिओन म्हणतात, स्पेन आणि मेक्सिकोत आर्रेंदामिएंतो. कोलंबियात तर २००३ च्या ८२० क्रमांकाच्या कायद्याने शहरी घरासाठी रोख डिपॉझिट घ्यायलाच मनाई आहे, म्हणजे तिथल्या वाचकाला आपलं दोन लाखांचं कलम मुळातच बेकायदा वाटेल. दुसरा प्रश्न, कागद फक्त समजून घ्यायचा आहे की सरकारी कचेरीत द्यायचा आहे? स्पेनमधल्या कचेरीत द्यायचा असेल तर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेला शपथबद्ध अनुवादक लागतो, आमची सही तिथे चालत नाही. या वेळी वाचक स्पेनचा होता आणि वापर कंपनीच्या आतला. (उच्चारांबद्दल एवढंच, की स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी जिथे थ ऐकू येतो तिथे पुढे मी स लिहिला आहे.)

खरी गाठ पहिल्याच ओळीत असते. आपण बोलताना भाडं, भाडेकरू, घरमालक असंच म्हणतो, पण करारात यातला एकही शब्द मुद्दाम वापरलेला नसतो. भाडेपट्टा म्हणजे मिळकतीच्या उपभोगाचा हक्क दुसऱ्याकडे हस्तांतरित करणं, अशी व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ मध्ये आहे. लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे आणि ती अगदी उलट्या अंगाने जाते: जी गोष्ट एरवी बेकायदा ठरली असती ती दुसऱ्याच्या मिळकतीत करण्याची नुसती परवानगी, त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध न देता. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरूला इतकं संरक्षण दिलं की मालक भाडेपट्टा म्हणायलाच कचरू लागले आणि परवानगीच्या वाटेने जाऊ लागले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात असलेल्या लायसन्सधारकांना पुढे दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला, तेव्हा ही भीती आणखी घट्ट झाली. म्हणून करारात पुन्हा पुन्हा लिहिलेलं असतं की यातून भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. अनुवादात हे वाक्य राहिलं आणि शीर्षकात मात्र आर्रेंदामिएंतो आलं, तर कागद स्वतःलाच खोटं पाडतो.

मग शीर्षकात लिहायचं काय? सरळ लिसेन्सिया लिहावं, तर स्पॅनिश माणसाच्या डोळ्यांपुढे नगरपालिका येते. बांधकामाची परवानगी, दुकान उघडण्याची परवानगी, असल्या सरकारी परवान्यांचा तो शब्द आहे. देरेचो दे उसो इ आबितासिओन, म्हणजे वापराचा आणि वास्तव्याचा हक्क, हा पर्याय शब्दकोशात फार देखणा दिसतो आणि नवे अनुवादक हमखास त्याला भुलतात. पण स्पेनच्या नागरी संहितेत कलम ५२३ पासून पुढे तो वस्तूला चिकटलेला हक्क म्हणून सांगितला आहे. आपला करार नेमकं तेच नाकारतो, म्हणजे सगळ्यांत आकर्षक पर्यायच सगळ्यांत चुकीचा. प्रेकारिओ, म्हणजे मालकाच्या मर्जीवर फुकट राहणं, परवानगीच्या कल्पनेच्या जवळ जातं, पण इथे महिन्याला चाळीस हजार मोजले जातात. सेसिओन दे उसो, वापर देऊ करणं, हा शब्द रुळलेला आहे, पण त्याच्या जोडीने सेसिओनारिओ हा पक्षकार येतो, आणि स्पेनच्या भाडे कायद्यात तो म्हणजे मूळ भाडेकरूने ज्याला आपला करार हस्तांतरित केला तो माणूस. वाचणारा लगेच विचारेल, मूळ भाडेकरू कोण?

आम्ही शीर्षकात कोन्त्रातो दे लिसेन्सिया दे उसो इ ओकुपासिओन दे विविएन्दा लिहितो, म्हणजे घराच्या वापराच्या आणि वास्तव्याच्या परवानगीचा करार. पुढे कंसात मूळ इंग्रजी नाव तिरप्या अक्षरात तसंच ठेवतो, आणि पक्षकारांना लिसेन्सिआंते आणि लिसेन्सिआतारिओ म्हणतो. हे शब्द सॉफ्टवेअर आणि ट्रेडमार्कच्या करारांतले आहेत, घराच्या कागदात ते कानाला थोडे खटकतात. ते खटकायलाच हवेत. वाचणारा तिथे थांबतो आणि खालची टीप वाचतो. टीप तीन-चार वाक्यांची: हा महाराष्ट्रातला प्रकार आहे, घर राहायला देण्याच्या बाबतीत तो व्यवहारात भाड्यासारखाच चालतो, पण त्यातून मिळकतीवर हक्क निर्माण होत नाही आणि त्याला भारतीय कायदा लागू आहे. हिशेबनिसाला खर्च कोणत्या खात्यात टाकायचा हे या टिपेवरून कळतं, आणि वकिलाला तिथला भाडे कायदा इथे लावायचा नाही हे कळतं.

शीर्षक चुकल्यामुळे पैशाचं काय होऊ शकतं हे लॉक-इनच्या कलमात दिसतं. स्पेनचा १९९४ चा २९ क्रमांकाचा शहरी भाडे कायदा घर भाड्याने घेणाऱ्याला दोन मोठ्या सवलती देतो. करार कमी मुदतीचा असला तरी तो पाच वर्षांपर्यंत, आणि मालक कंपनी असेल तर सात वर्षांपर्यंत, राहू शकतो. शिवाय सहा महिने झाल्यावर तीस दिवसांची सूचना देऊन तो कधीही निघू शकतो. आधी निघण्याबद्दल दंड ठरवता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे: उरलेल्या प्रत्येक वर्षामागे एका महिन्याचं भाडं, आणि वर्षाच्या तुकड्याला त्याच प्रमाणात. भाडेकरूच्या तोट्याचं याहून कडक कलम तिथे निरर्थक ठरतं. आता आपला करार आर्रेंदामिएंतो दे विविएन्दा या नावाने गेला असं धरा. एचआरमधल्या माणसाला वाटणार, बारा महिन्यांची अट कायद्यापुढे टिकत नाही, माणूस सात महिन्यांनी परत बोलावला तरी फार तर दीड महिन्याचा दंड. इथल्या कराराचं कलम मात्र म्हणतं की लॉक-इनमध्ये सोडलं तर उरलेल्या महिन्यांची रक्कम द्यायची. सातव्या महिन्याअखेर सोडलं तर उरले पाच, पाच चोक वीस, म्हणजे दोन लाख. अख्खं डिपॉझिट त्यात जातं.

म्हणून लॉक-इनला पेरिओदो दे ब्लोकेओ वगैरे शब्दशः करायचं नाही. ते बँकेचं खातं गोठवल्यासारखं वाटतं. स्पॅनिश करारांत प्लासो दे ओब्लिगादो कुंप्लिमिएंतो, म्हणजे पाळलीच पाहिजे अशी मुदत, हा तयार वाक्प्रचार आहे आणि तो चपखल बसतो. फक्त ही मुदत दोघांवर बंधनकारक आहे की एकट्या राहणाऱ्यावर, हे मूळ कलमात नीट पाहून तसंच उतरवावं. इथले बरेच साचेबंद करार या जागी संदिग्ध असतात. संदिग्ध असेल तर अनुवादही तितकाच संदिग्ध ठेवायचा आणि टिपेत तसं नोंदवायचं. एजंटला फोन करून त्याने सांगितलेला अर्थ अनुवादात घालणं म्हणजे करार बदलणं.

डिपॉझिटची कथा याच जातीची. शब्दकोशात पहिला शब्द फियान्सा मिळतो आणि स्पेनच्या भाडेकरारात तोच असतो. पण तिथली फियान्सा कायद्याने ठरलेली आहे: घरासाठी एका महिन्याचं भाडं. बहुतेक स्वायत्त प्रांतांत मालकाला ती प्रांताच्या संस्थेकडे जमा करावी लागते. त्यावर मालक जास्तीची हमी मागू शकतो, पण नेहमीच्या घराच्या करारात तीही दोन महिन्यांपुरती. किल्ल्या परत दिल्यावर महिना उलटला तरी रक्कम मिळाली नाही, तर तिथून पुढे कायदेशीर व्याज चढतं. आपल्या करारात पाच महिन्यांची रक्कम, मालकाच्या खात्यात, बिनव्याजी. फियान्सा लिहिलंत की अकाउंट्सकडून दोन प्रश्न येणारच: पाच महिने कसे, आणि जमा केल्याची सरकारी पावती कुठे आहे? त्याशिवाय, नागरी संहितेत फियान्सा म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं असाही अर्थ आहे.

नुसतं देपोसितो लिहिलं तर वेगळीच पंचाईत. त्याच संहितेत देपोसितो म्हणजे सांभाळायला दिलेली वस्तू, आणि सांभाळणाऱ्याला ती स्पष्ट परवानगीशिवाय वापरता येत नाही. इथला मालक ते दोन लाख बिनधास्त वापरतो. तेवढ्यासाठीच तर तो डिपॉझिट मोठं आणि भाडं थोडं कमी घेतो. कलमात पहिल्यांदा रक्कम येते तिथे आम्ही तिचं वर्णन करतो, की हमी म्हणून दिलेली, परत करायची, व्याज न लागणारी रक्कम. तिथेच ठरवतो की यापुढे तिला देपोसितो दे गारांतिया म्हणायचं. मालकाला ती वापरता येईल असं मूळ करारात लिहिलेलं नसेल तर अनुवादातही लिहायचं नाही. टिपेत फक्त एवढं, की ही रक्कम कोणत्याही सरकारी संस्थेकडे जमा नाही.

हा भाग करताना एक सापळा मराठी माणसाला लवकर दिसतो. इंग्रजी करारात एकच इंटरेस्ट शब्द दोन ठिकाणी येतो. एकदा डिपॉझिटवर व्याज नाही म्हणून, आणि एकदा लायसन्सधारकाला मिळकतीत हक्क, मालकी किंवा हितसंबंध नाही म्हणून. मराठीत व्याज आणि हितसंबंध हे वेगळेच शब्द आहेत, तिथे गोंधळ होऊच शकत नाही. स्पॅनिशमध्ये इंतेरेस हा शब्द इंग्रजीसारखाच दोन्हीकडे हजर असतो, त्यामुळे इंग्रजीवरून थेट उतरवलं की दुसऱ्या ठिकाणीही तो आपोआप पडतो. आणि अनेकवचनी इंतेरेसेस झाला की स्पॅनिश वाचक व्याजच वाचतो: भाडेकरूला मिळकतीवर व्याज मिळणार नाही. तिथे निंगून देरेचो सोब्रे एल इनमुएब्ले, म्हणजे मिळकतीवर कोणताही हक्क नाही, असं सरळ लिहावं. इंग्रजी कलम अडलं की ते आधी मनात मराठीत म्हणून पाहण्याची आम्हाला सवय आहे. बऱ्याचदा दोन अर्थ तिथेच वेगळे होतात.

ताब्याच्या कलमांतही ही सवय कामी येते. करारात लिहिलेलं असतं की कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील आणि राहणाऱ्याला फक्त वापराची मुभा असेल. शेवटी मात्र तोच करार म्हणतो की मुदत संपल्यावर राहणाऱ्याने रिकामा आणि शांततापूर्ण ताबा परत द्यावा. जो त्याच्याकडे नव्हताच तो परत कसा द्यायचा, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही, पण माद्रिदचा वकील विचारतो. अर्जेंटिनाच्या संहितेत पोसेसिओन आणि तेनेन्सिया असे दोन प्रकार स्पष्ट वेगळे आहेत. मालकाच्या वतीने वस्तू धरून असलेला तो तेनेदोर, त्यामुळे तिथल्या वाचकाला आपलं कलम आपलंसं वाटतं. स्पेनमध्ये मात्र साध्या भाडेकरूलाही ताबा असतो आणि कोर्ट त्या ताब्याला संरक्षण देतं. म्हणून स्पेनसाठी आम्ही पहिल्या कलमात पोसेसिओन खुरीदिका, म्हणजे कायदेशीर ताबा, मालकाकडे ठेवतो आणि राहणाऱ्याच्या बाजूला मेरा ओकुपासिओन, नुसतं वास्तव्य, लिहितो. शेवटच्या कलमात ताबा हा शब्द टाळून घर परत करणं असं क्रियापद घेतो आणि त्याला लिब्रे, वाकुआ इ एक्सपेदिता, म्हणजे मोकळं, रिकामं आणि अडथळ्याविना, हा तिथला घोटलेला शब्दसमूह जोडतो. लिब्रे दे कार्गास लिहायचं नाही. त्याचा अर्थ गहाण-बोजाविरहित असा होतो, आणि राहणारा कुणाचं कर्ज फेडणार आहे असं वाटायला नको.

मुदत संपूनही घर सोडलं नाही तर? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तोवर दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते, म्हणजे या करारात महिन्याला ऐंशी हजार. करारात अशा माणसाला घुसखोर मानलं जाईल असंही लिहिलेलं होतं. स्पॅनिशमध्ये याला इंत्रुसो किंवा ओकुपांते इलेगाल म्हटलं की प्रकरण फौजदारी वाटू लागतं. स्पेनमध्ये रिकामी घरं बळकावण्याचा विषय रोजच्या बातम्यांतला आहे आणि दंडसंहितेत त्याला कलमही आहे. ओकुपांते सिन तितुलो, म्हणजे हक्काचा आधार न उरलेला राहणारा, हा दिवाणी शब्द पुरतो. दुप्पट दराला क्लाउसुला पेनाल, म्हणजे दंडाचं कलम, म्हणण्याचा मोह होतो, कारण तो तिथला पाठ्यपुस्तकी शब्द आहे. पण क्लाउसुला पेनाल पक्षकार आपसात ठरवतात आणि ठरावीक परिस्थितीत न्यायाधीश ती कमी करू शकतो. इथलं दुप्पट कायद्यातून आलं आहे, म्हणून इंदेम्निसासिओन लिहून कलमाचा क्रमांक शेजारी द्यावा. सक्षम प्राधिकारी हा शब्द स्पॅनिशमध्ये कुठल्याही कचेरीला लागू पडतो, आपल्याकडे तो या अधिनियमाखाली नेमलेला विशिष्ट अधिकारी आहे. आम्ही दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतो आणि अधिनियमाचं नाव जोडतो.

सोसायटीला सोसिएदाद म्हटलं की ती कंपनी होते. कोमुनिदाद दे प्रोपिएतारिओस म्हटलं की वाचणारा खूश होतो, कारण त्याच्या स्वतःच्या इमारतीतही तीच असते, मीटिंगा आणि भांडणांसह. पण ती कोमुनिदाद म्हणजे आपापल्या फ्लॅटचे मालक असलेल्यांचा समूह, तिला स्वतःचं कायदेशीर व्यक्तिमत्त्व नाही. आपली सोसायटी १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली स्वतंत्र संस्था, आणि फ्लॅटवाला तिचा सभासद. म्हणून सोसिएदाद कोओपेरातिवा दे विविएन्दास. मेंटेनन्सचं मात्र गास्तोस दे कोमुनिदाद करावं, तिथे भूमिका एकच आहे. मान्तेनिमिएंतो लिहिलं तर दुरुस्तीचा खर्च वाटतो, आणि दुरुस्ती कोणाकडे हे कलम वेगळं असतं.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. सिडकोचे भूखंड साधारणपणे साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. या करारात मालक स्वतःला पूर्ण मालक म्हणवत होता, पण जमिनीचा पट्टा सोसायटीच्या नावाने सिडकोकडून, हे त्याच करारातल्या प्रस्तावनेत लिहिलेलं होतं. मूळ कागदात मालक आहे तिथे अनुवादातही प्रोपिएतारिओ येणारच, तो बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण सिडकोच्या वाक्यात भाडेपट्टा हा शब्द खऱ्या अर्थाने आला आहे, म्हणून तिथे आणि फक्त तिथेच आर्रेंदामिएंतो वापरता येतो. संपूर्ण करारात लायसन्ससाठी तो शब्द टाळलेला असला की हा फरक वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. टाळलेला नसेल तर एकाच पानावर साठ वर्षांचा आणि चोवीस महिन्यांचा असे दोन आर्रेंदामिएंतो शेजारी बसतात.

नोंदणीचा भाग वरून सोपा दिसतो. करार रजिस्टर झालेला आहे म्हणजे इन्स्क्रितो एन एल रेखिस्त्रो दे ला प्रोपिएदाद, असं पटकन सुचतं. स्पेनचं ते रजिस्टर मिळकतीवरचे हक्क नोंदतं आणि त्या नोंदीला मोठं बळ असतं. आपला दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. हक्कच नाकारणारा दस्त हक्काच्या रजिस्टरात कसा असेल? दस्त दुय्यम निबंधकासमोर नोंदवला, दस्त क्रमांक अमुक, एवढंच लिहावं आणि पदनाम मूळ रूपात ठेवावं. कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे शिक्का ठाण्याचा असतो. खारघरचा करार असता तर रायगडचा. शिक्क्यावर ठाणे आणि पत्त्यात नवी मुंबई पाहून तिथे कुणीतरी चूक झाली म्हणून विचारतं, तेव्हा तीही एक ओळ टिपेत असलेली बरी. नोंदणी न करता नुसता नोटरी केलेला कागद कुणी आणला तर नोतारिओ हा शब्दही जपून वापरावा. स्पेनचा नोतारिओ दस्त स्वतः तयार करून त्याला सार्वजनिक लेखाचं रूप देतो, आपला नोटरी मुख्यतः सह्या साक्षांकित करतो. आणि करार एक्झिक्यूट केला याचं एखेकुतार करू नये. त्याने करार जबरीने अमलात आणला असा अर्थ होतो. करून देणं याला ओतोर्गार आहे, आणि आपल्या दस्तांतल्या लिहून देणार-लिहून घेणार या जोडीला तो छान जुळतो.

इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, मराठीत असतो आणि अनेक अनुवादक तो सोडून देतात. तो द्यायला हवा, कारण दस्त क्रमांक, तारखा आणि शुल्क सगळं एका पानावर तिथेच आहे. त्यातला सहावा रकाना आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा असा आहे. जुडी म्हणजे इनाम जमिनींवर घेतला जाणारा सवलतीचा सारा. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटशी त्याचा काही संबंध नाही आणि रकाना रिकामा असतो, पण छापील शब्द आहे म्हणून काहीतरी लिहावंच लागतं. आम्ही जुडी तसंच ठेवतो, कंसात इनाम जमिनीवरचा जुना महसूल असं देतो आणि पुढे रिकामा असा शेरा टाकतो. रकाना गाळला तर क्रमांक पाचवरून सातवर उडी मारतात आणि पान फाटलंय का, असा प्रश्न येतो. मोबदल्यासाठी कोन्त्राप्रेस्तासिओन वापरतो. स्पॅनिश कायद्यात करार वैध ठरायला मोबदल्याऐवजी काउसा लागते, आणि ती कल्पना वेगळी आहे. तिला इथे आणायचं कारण नाही.

क्षेत्रफळावर फार वेळ घालवू नये. सहाशे चौरस फूट कार्पेट म्हणजे ५५.७४ चौरस मीटर, पण मूळ आकडा आधी आणि रूपांतर कंसात. सुपेर्फिसिए ऊतिल हा जवळचा शब्द आहे, तंतोतंत नाही. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरतात, तिथे सहसा धरत नाहीत.

आकड्यांना मात्र वेळ द्यावा. २,००,००० असं लिहिलेलं स्पॅनिश डोळ्याला दोन पूर्णांक शून्य असं दिसू शकतं, कारण तिथे स्वल्पविराम दशांश दाखवतो. शिवाय लाखाच्या जागेवरचा स्वल्पविराम त्यांना अनोळखी. भाषेची अकादमी हजारांचे गट मोकळ्या जागेने तोडायला सांगते, म्हणून २०० ००० असं लिहावं, आणि मधली जागा ओळीच्या शेवटी तुटणार नाही अशी घालावी. नाहीतर २०० एका ओळीत आणि ०००  दुसऱ्या ओळीत जातं. सगळे आकडे टाकून झाले की पडताळा स्टॅम्प ड्युटीवरून घेता येतो. महाराष्ट्रात अशा कराराला शुल्क पाव टक्का लागतं, आणि ते पूर्ण मुदतीच्या रकमेवर अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर मोजतात. चाळीस हजार गुणिले चोवीस म्हणजे ₹९,६०,०००. दोन लाखांवर दहा टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज ₹४०,०००. बेरीज ₹१०,००,०००, त्याचा पाव टक्का ₹२,५००. चलनावर हाच आकडा असला पाहिजे. स्पॅनिश प्रतीतले आकडे घेऊन हा हिशोब करायचा, मूळ प्रतीतले नव्हे. शून्य गळलं असेल, महिने बारा पडले असतील किंवा डिपॉझिट चुकलं असेल तर उत्तर जुळत नाही आणि चूक तिथेच सापडते. दुसऱ्या वर्षी रक्कम वाढणार असेल तर दोन वर्षांची बेरीज वेगळी करून घ्यायची.

टिपा किती द्याव्यात यावर आमच्यातच मतभेद आहेत. माझं मत असं, की अशा करारात सात-आठच्या वर गेल्या तर कुणी वाचत नाही, आणि पहिली टीप न वाचली जाणं सगळ्यांत महाग पडतं. म्हणून परवानगी, डिपॉझिट, लॉक-इन, दुप्पट दर, सोसायटी आणि नोंदणी एवढ्यांना टीप, बाकीचं मजकुरातच भागवायचं. टिपा अनुवादकाच्या आहेत हे प्रत्येक टिपेला लिहायचं, म्हणजे त्या करारातल्या अटी वाटत नाहीत.

कंपनीच्या आतल्या वापरासाठी एवढ्यावर काम संपतं. पुढे हाच कागद स्पेनमधल्या एखाद्या कचेरीत द्यायची वेळ आली तर क्रम उलटा करू नये. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र, लागणार असेल तर ते मूळ कागदावर आधी घ्यावं आणि नंतर शपथबद्ध अनुवादकाकडे जावं, कारण अपोस्टिलचं पानसुद्धा अनुवादात यावं लागतं. शपथबद्ध अनुवादकाची नेमणूक भाषेनुसार असते. इंग्रजीसाठी नेमलेल्याला इंडेक्स टूच्या मराठी पानावर सही करता येत नाही, त्यामुळे ते पान आधी इंग्रजीत करून साक्षांकित करून घ्यावं लागतं. आमची प्रत त्याला संदर्भ म्हणून सोबत द्यावी. तो ती मान्य करायला बांधील नाही, आणि शीर्षकापाशी तो आर्रेंदामिएंतो लिहू पाहत असेल तर निदान पहिली टीप तरी ठेवायला सांगावी.